पाटीवरचे नाव आणि जिन्यातले पाऊल

व्यापारी घरात नाव ठेवण्याची एक जुनी रीत आहे. पेढीच्या पाटीवर आधी आजोबांचे नाव येते, मग वडिलांचे, आणि शेवटी ‘आणि कंपनी’ किंवा ‘अँड सन्स’. ही रीत केवळ अभिमानापोटी पडलेली नाही. उधारीवर माल देणाऱ्याला आणि हुंडी स्वीकारणाऱ्याला या व्यवहाराचा जबाबदार कोण, हे त्या नावावरून कळत असे. पेढीचे नाव म्हणजे मालकाची पत. गिऱ्हाईक दुकानात शिरताना ‘हे कापड टिकेल का, हा माणूस खरा आहे का’ असा विचार करते, आणि पाटी त्याला उत्तर देते.

आता अशाच घरांतील एखादी सून किंवा मुलगी योगवर्ग काढू पाहते, तेव्हा नावाचा प्रश्न घरी त्याच सवयीने हाताळला जातो. आजोबांचे नाव पुढे येते, नाहीतर एखादा भारदस्त संस्कृत शब्द. पण इथे व्यवहार उलटा असतो. योगवर्गाच्या दारात उभा राहिलेला नवखा माणूस दुकानदाराची परीक्षा घेत नसतो. तो स्वतःच्याच पतीविषयी साशंक असतो. त्याच्या मनात ‘हे चांगले असेल का’ हा प्रश्न दुसरा असतो, पहिला असतो ‘मला जमेल का’. म्हणून दुकानाची पाटी मालकाची ग्वाही देते, तर योगवर्गाच्या पाटीने येणाऱ्याला ग्वाही द्यावी लागते. नाव निवडताना हा फरक विसरला, की पुढची सारी मेहनत जिन्याखालीच अडते.

जुन्या नामवंत संस्थांकडे पाहून नाव ठेवावे, असे अनेकांना वाटते. महाराष्ट्रात तशी थोर उदाहरणे आहेत. श्री योगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत ‘द योगा इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. आज ती सांताक्रूझला आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ उभारले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था १९७५ साली सुरू झाली आणि तिला त्यांच्या दिवंगत पत्नीचे, रमामणी यांचे नाव देण्यात आले. एक नाव साध्या व्यवहारातले, दुसरे साधनेच्या अंतिम टोकाचे, तिसरे स्मृतीचे. तिन्ही नावे आपापल्या जागी शोभतात, कारण तिथे जाणारा माणूस आधी गुरूंविषयी ऐकून, कोणाकडून तरी चौकशी करून, मनाची तयारी करून जातो. उपनगरातल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीला हे भाग्य नसते. तिच्या खालून हजारो माणसे घाईघाईने जात असतात आणि त्यांच्याशी बोलायला तिच्याजवळ पाटीखेरीज दुसरे काही नसते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. घाटकोपर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका कापडाच्या व्यापाऱ्याचे दुकान आहे. वरचा सहाशे चौरस फुटांचा गाळा आजवर गोदाम म्हणून वापरला जाई. आता माल भिवंडीला ठेवला जातो, त्यामुळे गाळा मोकळा झाला आहे. तो भाड्याने देता आला असता, पण धाकट्या सुनेने योगशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि सासऱ्यांनी एक वर्षाचे भाडे सोडून तो गाळा तिला दिला आहे. चपलांची जागा, कपडे बदलण्याचा आडोसा आणि शिक्षिकेची जागा वगळली, तर सुमारे चारशे चौरस फूट उरतात. एका माणसाला हात-पाय पसरायला तीस चौरस फूट धरले, तर एका वेळी तेरा जण मावतात. हा आकडा नावाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. तेराच जागा असलेल्या वर्गाला गर्दी नको असते. त्याला येऊन टिकणारी माणसे हवी असतात. त्यातही सुनेला जी माणसे हवी आहेत, ती व्यायामशाळेत रुळलेली तरुण मंडळी नव्हेत. दिवसभर गादीवर किंवा संगणकापुढे बसणारे, गुडघे दुखणारे, मांडी घालून बसता येत नाही म्हणून पंगतीतही खुर्ची मागणारे, असे लोक तिला हवे आहेत. नेमकी हीच माणसे जिन्यापाशी थबकतात.

रात्रीच्या जेवणानंतर घरात नावांची चर्चा सुरू होते. दीर सुचवतो, ‘पॉवर योगा’. ऐकायला नाव जोमदार आहे, पण त्याने दारातच एक अट घातली जाते. ज्याच्यात जोम नाही, त्याच्यासाठी ही जागा नाही, असे ते न बोलता सांगते. ‘शक्ती’, ‘सिद्धी’, ‘लवचीक’ या शब्दांचेही तेच होते. ही सारी नावे फळाची आहेत, आणि फळ दाखवणारे नाव, ज्याच्या हाती ते अजून आलेले नाही, त्याला आपल्या उणिवेची आठवण करून देते.

सून स्वतः ‘समाधी’ हे नाव सुचवते. योगाच्या आठ अंगांपैकी ते शेवटचे अंग, म्हणून तिला तो शब्द प्रिय आहे. त्यावर सासूबाई शांतपणे म्हणतात, “बेटा, शेजारणीने विचारले कुठे निघालात, तर मी काय सांगू? समाधीला चालले म्हणून?” सगळे हसतात, पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. मराठी बोलीत समाधी म्हणजे आधी स्मारकाची जागा, आणि जैन घरात तर समाधिमरणाचीही आठवण त्या शब्दाला चिकटलेली. शास्त्रातला अर्थ आणि बाजारातला अर्थ यांत अंतर असेल, तर पाटीवर बाजारातला अर्थच वाचला जातो. शिवाय सासूबाईंच्या प्रश्नातून नावाची पहिली कसोटी आपोआप मिळते. ते नाव ‘मी अमुक ठिकाणी चालले’ या वाक्यात बसवून पाहावे. जे वाक्य घरातल्या माणसांसमोर किंवा लिफ्टमध्ये शेजाऱ्यांपुढे संकोच न वाटता म्हणता येत नाही, ते नाव नवख्या माणसाच्या कामाचे नाही.

सासरे धर्मपरंपरेतला एखादा पवित्र शब्द घ्यावा म्हणतात. भावना स्वाभाविक आहे, पण घाटकोपरच्या त्या रस्त्यावरून गुजराती, कच्छी, मराठी, तमिळ, सगळ्याच घरांतली माणसे जातात. एका समाजाच्या पूजेतला शब्द पाटीवर दिसला, की इतरांना वाटते, ही त्यांच्या लोकांसाठीची जागा आहे. आणि ज्यांच्यासाठी तो शब्द पवित्र आहे, त्यांना तो पावतीवर, पिशवीवर आणि घामाच्या टॉवेलवर छापलेला रुचत नाही. तसे नाव दोन्हीकडून अडचणीचे ठरते.

मग दुसऱ्या टोकाची, मुद्दाम सोपी नावे पुढे येतात, आणि खरी सावधगिरी इथेच लागते, कारण सोपी नावे निरुपद्रवी वाटतात. ‘सहज’ हा शब्द पाहा. सहजयोग या नावाची एक प्रसिद्ध साधना-चळवळ आधीपासून आहे, त्यामुळे गैरसमज होणारच. पण त्याहून खोल अडचण अशी, की जे सहज म्हणून सांगितले तेही एखाद्याला जमले नाही, तर त्याची लाज दुप्पट होते. अवघड गोष्ट न जमणे क्षम्य असते, सोपी न जमणे लाजिरवाणे वाटते. ‘पहिली पायरी’ हे नावही गोड वाटते, पण मराठीत ‘पायरी ओळखून वागणे’ असा वाक्प्रचार आहे. जो माणूस आधीच संकोचलेला आहे, त्याला तो शब्द नेमका तिथेच टोचतो. शिवाय तीन वर्षे नेमाने येणाऱ्या बाईंनी अजून पहिल्याच पायरीवर का असावे? नवख्यांचे स्वागत करणारे नाव आणि माणसाला कायम नवखा ठेवणारे नाव, यांत फरक आहे. ‘अंगण’ जवळजवळ पसंत पडते, परंतु फोनवर ते अर्धवट ऐकले की अंगणवाडी वाटते, आणि चौकशी मुलांच्या वर्गाची सुरू होते.

या नकारांमधून वाट मात्र स्पष्ट होत जाते. फळाचे नाव नको, परीक्षेचे नको, आजाराचे किंवा उणिवेचे तर नकोच. राहते जागेचे नाव. माणसाला काही सिद्ध करावे न लागता जिथे बसता येते, अशा जागेचे. मराठी घरात अशी एक जागा होती, ओसरी. घराबाहेरही नाही आणि माजघरातही नाही. वाटसरू तिथे टेकत असे, पाणी पीत असे, त्याला आत का आलास म्हणून कोणी विचारत नसे, आणि आणखी आत यायचे की नाही हे त्याचे त्याने ठरवायचे असे. भीत भीत आलेल्या माणसाची मनःस्थिती नेमकी हीच असते. त्याला आत यायचे आहे, पण परत फिरण्याची मोकळीकही हवी आहे. आणि घाटकोपरच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट अशी, की गुजरातीतही ओसरी हा शब्द याच अर्थाने आहे. दोन्ही भाषांतल्या आज्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

शब्द आवडला म्हणजे काम झाले असे नाही. त्याला उलटसुलट पारखून घ्यावे लागते. ‘ओसरणे’ या क्रियापदाची छाया त्यावर पडते का? पूर ओसरतो, गर्दी ओसरते. पण पाटीवर एकट्या उभ्या असलेल्या ‘ओसरी’ या नामातून तो अर्थ चटकन डोकावत नाही, आणि डोकावलाच तर दुखणे ओसरणे कोणाला नको असते? ‘मी ओसरीवर चालले’ हे वाक्य सासूबाई अगदी सहज म्हणतात. दुसरी कसोटी फोनची. घरातली एक व्यक्ती स्टेशनजवळच्या गोंगाटातून दुसरीला फोन करते आणि नाव एकदाच सांगते. पलीकडच्याने ते न विचारता बरोबर लिहिले पाहिजे. अशा पाच जणांना विचारले आणि दोघांनी चुकीचे लिहिले, तर ते नाव सोडून द्यावे. तिसरी कसोटी रिक्षाची. नाव मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो समोरच्या फुटपाथवरून, चालत्या रिक्षातून दिसतो का ते पाहायचे. दोन-तीन अक्षरांचा शब्द एका नजरेत वाचला जातो. ‘द फ्लेक्झिबल सोल योगा स्टुडिओ’ वाचेपर्यंत रिक्षा चौक ओलांडून गेलेली असते.

महाराष्ट्रात ही तिसरी कसोटी केवळ सोयीची नाही. दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान जागांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे. मराठी मजकूर आधी हवा, आणि त्याची अक्षरे इतर भाषेतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. म्हणून इंग्रजीत नाव ठरवून नंतर ते देवनागरीत कसेबसे बसवणे हा उलटा क्रम आहे. नाव आधी देवनागरीत लिहावे, वाचावे, आणि मगच रोमन लिपीकडे वळावे. तिथे ओसरीची एक अडचण दिसते. मोबाइलवर शोधताना कोणी Osari लिहील, कोणी Osri. यांपैकी एकच रूप ठरवून नकाशावरच्या नोंदीत, पावतीवर आणि पाटीवर तेच वापरले, तरच शोधणारा माणूस भरकटत नाही.

नाव आपले होऊ शकते का, हेही पाटी रंगवण्यापूर्वी पाहिले पाहिजे. व्यापारचिन्हांच्या नोंदणीत योगशिक्षण हे शिक्षण-प्रशिक्षणाच्या ४१व्या वर्गात येते. त्या वर्गात तेच किंवा उच्चाराने जवळचे नाव कोणी आधी नोंदवले आहे का, हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क शोधता येते. तसे सापडले, तर शब्द कितीही आवडला असला तरी सोडावा, कारण पाटी बदलण्याचा खर्च परवडतो, पण रुळलेल्या माणसांना नवे नाव शिकवणे महाग पडते. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये शुल्क आहे, आणि नोंदणी झाली की ती दहा वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. इथेही जागेच्या नावाचा एक फायदा दिसतो. ‘घाटकोपर योग केंद्र’ हे नाव केवळ गाव आणि काम सांगते. असे निव्वळ वर्णन करणारे नाव १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ नुसार सहसा नोंदले जात नाही, कारण त्या शब्दांवर सगळ्यांचाच हक्क असतो. ओसरी हे योगवर्गाचे वर्णन नाही, त्यामुळे त्याला तुलनेने वाव असतो.

पण जे नाव वर्णन करत नाही, त्याची एक जबाबदारी वाढते. नुसते ‘ओसरी’ वाचून ते खाणावळीचेही नाव वाटू शकते. म्हणून खाली ‘योगवर्ग’ हा शब्द हवा, आणि त्याखाली आणखी एक ओळ. ही तिसरी ओळ बहुतेक जण वाया घालवतात. तिथे ‘तन, मन आणि आत्म्याचा संगम’ असे काही लिहिले जाते, ज्याने जिन्यापाशी थबकलेल्या माणसाच्या एकाही शंकेचे उत्तर मिळत नाही. सून पंधरा दिवस ओळखीच्या लोकांना एकच विचारते, “तुम्ही का येत नाही?” खाली बसले की उठता येत नाही, हे उत्तर पुन्हा पुन्हा येते. मग पाटीवरची ओळ ठरते: ‘जमिनीवर बसता येत नसेल तरी या. खुर्ची आहे.’ या साध्या वाक्यात भिणाऱ्याची भीती नाव घेऊन सांगितली आहे आणि तिच्यावर उपायही दाखवला आहे. अर्थात वाक्य लिहिले की खुर्च्या ठेवणे आले. हात नसलेल्या, न घसरणाऱ्या चार खुर्च्या, भिंतीला टेकवून, आणि पहिल्या दिवसापासून मांडलेल्या. त्या मागितल्यावर आतून आणाव्या लागल्या, तर मागणारा पुन्हा वेगळा पडतो.

हेच तत्त्व आत, वेळापत्रकातही पाळावे लागते. बाहेर ओसरी आणि आत ‘लेव्हल १, लेव्हल २, लेव्हल ३’ असे असेल, तर पाटीने दिलेले आश्वासन भिंतीवरचा तक्ता मोडतो. क्रमांक माणसांना लावले जातात. वर्गांना गतीवरून नावे दिली, तर ती त्या दिवसाच्या सरावाला लागतात. म्हणून ‘संथ’, ‘मध्यम’, ‘जलद’. नेहमी जलद वर्गाला येणारा माणूस पाठ धरली असेल त्या दिवशी संथ वर्गात बसतो आणि त्याला खाली उतरल्यासारखे वाटत नाही. नवख्यालाही कळते, की संथ वर्गात शेजारी बसलेले सगळेच काही अडाणी नाहीत. जुनी माणसे त्याच्याबरोबर एकाच खोलीत, एकाच गतीने हात उचलत आहेत, हे दिसणे कोणत्याही स्वागतपर भाषणापेक्षा मोलाचे असते.

नाव लागू पडले की नाही, हे व्यापारी घराला वहीवरूनच कळेल. सुनेने एका वहीत तीन रकाने आखावेत. चौकशी करणारे किती, त्यांतून एकदा प्रत्यक्ष आलेले किती, आणि आलेल्यांपैकी चौथ्यांदा आलेले किती. चौकशीच कमी असेल, तर पाटी दिसत नाही किंवा समजत नाही. चौकशी भरपूर आणि येणारे थोडे असतील, तर नाव किंवा त्याखालची ओळ अजून काहीतरी अट घालते आहे. एकदा आलेले पुन्हा येत नसतील, तर दोष नावाचा नाही, वर्गाचा आहे, आणि मग पाटी बदलून उपयोग होत नाही. चौथा रकाना शब्दांचा ठेवावा. फोनवर येणारा पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहावा. ‘मला जमेल का?’ हा प्रश्न मागे पडून ‘किती वाजता येऊ?’ हा प्रश्न आधी येऊ लागला, की नावाने आपले काम केले असे समजावे.

नावाची मर्यादाही ओळखलेली बरी. ते कोणाचे गुडघे बरे करत नाही, शिकवण्यातली उणीव झाकत नाही, आणि ज्याला मुळात यायचेच नाही त्याला आणतही नाही. ज्याला यायचे आहे, पण आपली तिथे जागा आहे असे वाटत नाही, अशा एका माणसासाठी त्याचा उपयोग असतो. तो उपयोगही रस्त्यावरून पहिल्या मजल्यापर्यंतच्या अठरा पायऱ्यांपुरता.

घाटकोपरच्या त्या घरात पाटी लागायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई कागदावरची अक्षरे एकदा वाचून पाहतात. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या बाईंनी आजवर सुनेला ‘माझे काय आता वय आहे का’ एवढेच उत्तर दिलेले असते. त्या तिसरी ओळ दोनदा वाचतात आणि विचारतात, “खुर्च्या खरंच आणल्यास ना गं?” सून हो म्हणते. त्या चष्मा काढून ठेवतात आणि संथ वर्ग सकाळी किती वाजता आहे, ते विचारतात.